तीन आकडे, एक महिना: सोलापूरच्या टॉवेल कारखान्यातली एक एस अँड ओपी बैठक

पुढचं प्रकरण सोलापुरातल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत. त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं मात्र तशीच ठेवली आहेत. त्या काळात महिन्याच्या नियोजनाचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे विक्री, उत्पादन आणि हिशेब या तिन्ही खात्यांकडून आकडे गोळा करायचे आणि मालकांसमोर एकच आकडा ठेवायचा.

पार्श्वभूमी

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. 24 रॅपियर माग, स्वतःचं डाईंग, शिलाई आणि पॅकिंग. सूत बहुतेक तामिळनाडूतल्या गिरण्यांचं. ऑर्डर दिल्यापासून माल फाटकात यायला आठ-दहा दिवस. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक हॉटेलं आणि हॉस्पिटलं, ज्यांना वर्षभर पांढरा टॉवेल लागतो आणि तारखेला लागतो. दुसरे घाऊक व्यापारी, ज्यांना फिके आणि गडद रंग लागतात, आणि गडद रंगाची ओढ दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने एकदम वाढते.

सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंगची, म्हणजे बोलण्यातल्या ‘एस अँड ओपी’ची बैठक नावाला दोन वर्षांपासून होत होती. पण ती मागच्या महिन्याचा पंचनामाच असायची. विक्रीवाले म्हणायचे माल मिळाला नाही, उत्पादनवाले म्हणायचे ऑर्डर उशिरा दिली, हिशेबवाले उधारीची यादी वाचून दाखवायचे, आणि चहा झाला की सगळे उठायचे. पुढच्या महिन्याचा आकडा प्रत्येक खातं आपापल्या वहीत ठेवायचं.

ऑगस्टमध्ये सप्टेंबरचं नियोजन करायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा तिन्ही वह्या एका टेबलावर उघडल्या. विक्रीचा आकडा 92 टन, उत्पादनाचा 80 टन आणि हिशेबाचा 68 टन.

अडचण नेमकी कुठे होती

पहिला मोह झाला तो मधला आकडा घेण्याचा. 80 टन दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये पडत होता, आणि उत्पादनप्रमुखही म्हणत होते, “ऐंशी डोळे झाकून देतो.” मागच्या तीन महिन्यांत कारखान्यातून माल गेला होता 79, 81 आणि 78 टन. म्हणजे 80 हा आकडा अनुभवाचा होता, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणी शंका घेतली नाही.

पण तिन्ही आकडे टनात होते एवढंच. तीन खाती तीन वेगळ्या गोष्टी मोजत होती. विक्रीच्या 92 टनांत पक्क्या ऑर्डरी होत्या, तशीच व्यापाऱ्यांची तोंडी मागणीही होती. उत्पादनाचे 80 टन ही मागची सरासरी होती, आणि 80 वरच गाडी का अडते हे कुणी शोधलं नव्हतं. हिशेबाचे 68 टन म्हणजे हातात असलेल्या पैशात जेवढं सूत येईल तेवढे. हे तीन आकडे एकमेकांतून वजा करून काही हाती लागलं नसतं. आधी प्रत्येक आकडा कशापासून बनलाय ते उलगडायला हवं होतं.

सुरुवात उत्पादनापासून केली. 24 माग, मागाला दिवसाला सरासरी 150 किलो, गणपतीची सुट्टी धरून 25 दिवस: विणकाम 90 टनांचं होऊ शकत होतं. मग माल 80 वर का अडतो? उत्तर गोदामात होतं. मागच्या तीन महिन्यांत मागांवरून 84, 85 आणि 84 टन उतरला होता. (इथले सगळे आकडे तयार मालाच्या वजनात धरले आहेत.) विणला जास्त, बाहेर गेला कमी. मधला फरक 15 टनांचा, आणि तो कोऱ्या, म्हणजे न रंगवलेल्या, टॉवेलच्या थप्प्यांच्या रूपात डाईंगच्या दारात उभा होता. रोज त्या थप्प्यांना वळसा घालूनच सगळे आत जात होते.

म्हणजे सगळा माल जिथे अडतो तो गळा डाईंगचा होता. डाईंगमध्ये सॉफ्ट-फ्लो यंत्रं चार, प्रत्येकात 250 किलोचा लॉट. पण डाईंगची क्षमता टनात सांगता येत नाही, कारण पांढऱ्याला आणि गडदला लागणारा वेळ वेगळा असतो. पांढरा माल पेरॉक्साइडने ब्लीच करून, धुऊन, सॉफ्टनर देऊन साडेचार तासांत उतरतो. फिक्या रंगाला सात तास. गडद निळा किंवा मरून असेल तर रंग धरायला वेळ, आणि वर न धरलेला रंग निघून जाईपर्यंत गरम साबणाच्या धुलाया. दहा तास धरून चालायचं. या धुलाईत घाई केली की टॉवेल गिऱ्हाइकाच्या बादलीत रंग सोडतो, त्यामुळे तिथे वेळ वाचवणं नाही.

डाईंग मास्टर, ज्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो, त्यांच्या लॉटच्या रजिस्टरवरून मी तास काढले. चार यंत्रं, 24 तास, 25 दिवस म्हणजे 2400 तास. त्यातले भरणं-उतरवणं, यंत्र धुणं आणि बारीकसारीक बिघाड वगळून 85 टक्के, म्हणजे 2040 तास खरे कामाचे.

| माल | विक्रीची मागणी (टन) | टनाला लागणारे तास | एकूण तास |
|---|---|---|---|
| पांढरा | 40 | 18 | 720 |
| फिका | 22 | 28 | 616 |
| गडद | 30 | 40 | 1200 |
| एकूण | 92 | | 2536 |

मागच्या महिन्यांत गडद माल 14 टनांच्या आसपास असायचा आणि पांढरा 44. त्या मिश्रणात 80 टनांना 1968 तास लागायचे आणि काम बसायचं. सप्टेंबरच्या दिवाळी मिश्रणात मात्र तेवढ्याच 2040 तासांत जेमतेम 74 टन निघत होते. डोळे झाकून दिलेला 80 चा आकडासुद्धा या महिन्यात खोटा ठरणार होता. मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मधला आकडा घेऊन उठलो असतो, तर 25 सप्टेंबरच्या सुमारास सहा टनांचा खड्डा दिसला असता, आणि तोवर व्यापाऱ्यांना शब्द देऊन झालेला असता.

आता पैसा. सूत 220 रुपये किलो, आणि विणकाम-धुलाईतली घट धरून एक किलो तयार टॉवेलला 1.08 किलो सूत. महिन्यात सुतासाठी उपलब्ध रक्कम एक कोटी 62 लाख. भागाकार केला की येतात 68 टन. बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, खात्याला लिमिट मोठी होती, पण उचल मिळते ती ड्रॉइंग पॉवरएवढी, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते. या बँकेच्या मंजुरीपत्राप्रमाणे 90 दिवसांवरची येणी त्यात धरली जात नव्हती आणि स्टॉकवर 25 टक्के मार्जिन होतं, म्हणजे तेवढ्या भागावर उचल मिळत नव्हती. त्यामुळे व्यापाऱ्यांची रेंगाळलेली उधारी आणि डाईंगच्या दारातला कोरा माल, दोन्ही आमच्याच खिशातून खात होते. हिशेबप्रमुख “पैसे नाहीत” म्हणत होते. ते पैसे कुठे बसलेत हे आता कळलं.

कोणते पर्याय तोलले

16 ऑगस्टला तिन्ही खात्यांच्या प्रमुखांची जुळवणीची बैठक झाली. मालकांना मुद्दाम बोलावलं नव्हतं. ते असले की प्रत्येकजण त्यांच्याकडे बघून बोलतो, आणि आम्हाला आधी एकमेकांशी बोलायचं होतं.

पहिला पर्याय विक्रीप्रमुखांचा: रविवारी डाईंग चालवा. चार रविवार म्हणजे 326 तास. तूट होती 496 तासांची, म्हणजे तरी पुरत नव्हतं. पण अण्णांनी दुसरीच गोष्ट काढली. “रविवारी ईटीपीची टाकी रिकामी होते साहेब. आठवडाभर जरा जास्त पाणी येतं ते रविवारी निस्तरतो. रविवारीही रंग लावला तर सोमवारी पाणी कुठे सोडू?” ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात रोज किती सांडपाणी सोडायचं याची मर्यादा असते, आणि गडद मालाच्या धुलायांना पाणी सगळ्यात जास्त. तो पर्याय तिथेच संपला. यंत्राचे तास मोजताना पाण्याची मर्यादा आमच्या कागदावर नव्हतीच. ती फक्त अण्णांच्या डोक्यात होती.

दुसरा पर्याय: सगळ्यांच्या ऑर्डरी सरसकट 20 टक्के कापून 74 टनांत बसवा. वरून बघता हा न्यायाचा वाटतो, पण हॉटेलांच्या करारात उशिराला दंड होता. आणि डाईंगच्या तासाला किती सुटतात याचा हिशेब मांडल्यावर तर हा पर्याय अगदीच उलटा ठरला. सूत, रसायनं, मजुरी, वीज वजा जाता पांढऱ्यात किलोला 45 रुपये सुटत होते, फिक्यात 60 आणि गडदमध्ये 75. म्हणून विक्रीखातं वर्षानुवर्षं गडदच्या मागे. पण गळा डाईंगचा असेल तर किलोमागे काय सुटतं याला अर्थ नाही. डाईंगच्या तासामागे काय सुटतं ते बघायला हवं. पांढरा टन 18 तासांत 45 हजार देतो, म्हणजे तासाला 2500. फिका तासाला सुमारे 2140. गडद टन 40 तासांत 75 हजार, म्हणजे तासाला 1875. सगळ्यात ‘पडेल’ समजला जाणारा पांढरा टॉवेल त्या महिन्यात सगळ्यात कमावता होता.

हा आकडा ऐकून विक्रीप्रमुख बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मग दिवाळीत गडद विकायचाच नाही का?” प्रश्न रास्त होता. व्यापारी दिवाळीला रिकाम्या हाताने परत गेला, तर फिका माल घ्यायलाही पुन्हा येत नाही. म्हणून गडद सोडायचा नाही, पण तो आमच्या तासांवर किती लादायचा हे ठरवायचं, इथवर सगळे आले.

त्यातून तिसरा पर्याय निघाला: गडदचा काही भाग बाहेरच्या डाईंगकडून रंगवून घ्यायचा. त्याने किलोमागे 30 रुपये जास्त जात होते, म्हणजे सुटणारे 75 चे 45 होत होते. पण आमचा एकही तास लागत नव्हता. धोका शेडचा, म्हणजे रंगछटेचा. पाणी बदललं, रंगाची कंपनी बदलली की तोच मरून जरा वेगळा दिसतो, आणि एका पेटीत दोन मरून व्यापारी घेत नाही.

चौथी गोष्ट पर्याय म्हणून आली नव्हती; मागणीच तपासू या असं ठरलं. 30 टन गडदपैकी लेखी ऑर्डर 17 टनांची. आणखी 7 टन तोंडी, पण दरवर्षी उचल करणाऱ्या व्यापाऱ्यांचे. उरलेले 6 टन ‘माल तयार ठेवा, बघू’ या जातीचे. दुसऱ्या बाजूने, मागच्या सहा महिन्यांत विक्रीने गडदचा जो आकडा दिला त्याच्या 80 टक्केच माल प्रत्यक्ष गेला होता. पांढऱ्यात मात्र आकडा आणि प्रत्यक्ष जवळजवळ सारखे. 30 चे 80 टक्के म्हणजे 24, आणि 17 अधिक 7 म्हणजेही 24. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यावर वाद उरला नाही. फिका 22 वरून 20 केला, पांढरा 40 ला हात लावला नाही. मागणी ठरली 84 टन.

विक्रीखातं फुगवून आकडा देतं, त्यामागे लबाडी नसते, हे इथे सांगायला हवं. शंभर मागितले की ऐंशी मिळतात हे एकदा कळलं की कुणीही शंभरच मागेल. आकडा कापणारं खातं आणि फुगवणारं खातं एकमेकांना घडवत असतात.

काय ठरलं

84 टनांना डाईंगचे 2240 तास लागत होते. 6 टन गडद बाहेर द्यायचा ठरल्यावर 240 तास मोकळे झाले आणि गरज 2000 वर आली. हातात 40 तास राहिले. ते कमी आहेत हे माहीत होतं.

पैशाची बाजू याहून अवघड होती. 84 टनांना सुताचे सुमारे दोन कोटी, हातात एक कोटी 62 लाख. तूट 38 लाखांची. इथे गोदामातला कोरा माल कामाला आला. 15 टनांपैकी 9 टन सप्टेंबरच्या ऑर्डरींच्याच मापाचा आणि वजनाचा होता. तो आधी रंगवला तर 9 टनांचं सूत, म्हणजे 21 लाखांहून जास्त, विकत घ्यायची गरज नव्हती. तूट 16 लाखांवर आली.

पण त्याचा दुसरा अर्थ असा की मागांनी 84 ऐवजी 75 टनच विणायचे. 90 टनांची ताकद असताना 75. म्हणजे महिनाभर चार माग बंद.

बैठकीत खरा तणाव आला तो इथे. उत्पादनप्रमुखांचं सगळं मोजमाप मागाच्या कार्यक्षमतेवर. दर महिन्याला मालकांसमोर जो तक्ता लागतो त्यात किती माग किती टक्के चालले एवढंच असतं. “मी मुद्दाम माग बंद ठेवू आणि वर शिव्या खाऊ?” असं ते म्हणाले, आणि त्यांचं चुकत नव्हतं. दुसरी बाजू कारागिरांची. मजुरी कापडावर मिळते. माग बंद तर मजुरी बंद. आमच्याकडे एक कारागीर चार माग सांभाळतो, म्हणजे तीन पाळ्यांतल्या तीन माणसांचा प्रश्न. जॉबरचा, म्हणजे मागांवरच्या मुकादमाचा, सवाल सरळ होता: “दिवाळी तोंडावर आलीय साहेब, कुणाला घरी बसवायचं ते तुम्हीच सांगा.”

हिशेब मांडला तर उत्तर लांब नव्हतं. तिघांना मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीएवढी मजुरी देऊन तपासणी आणि घडीच्या कामाला लावलं, तर महिन्याला साठ हजारांच्या घरात खर्च. समोर 21 लाखांचं सूत. दर आठवड्याला पाळीने माणसं बदलायची, म्हणजे एकाच घरावर भार नाही. आणि सप्टेंबरपुरतं उत्पादनखात्याचं मोजमाप मागाच्या टक्केवारीवर न ठेवता डाईंगमधून वेळेत उतरलेल्या मालावर ठेवायचं. शेवटची गोष्ट फक्त मालकच करू शकत होते.

20 तारखेला मालकांसमोर दोन पानं ठेवली. पहिल्यावर 84 टनांचा आराखडा आणि त्याच्यामागची गृहीतकं: सुताचा भाव, लॉटचे तास, गडदच्या तोंडी ऑर्डरी, बाहेरच्या डाईंगची तारीख. दुसऱ्यावर तीन निर्णय, ज्यांच्यावर खात्यांचं एकमत होऊ शकत नव्हतं किंवा ज्यांचा अधिकार त्यांना नव्हता. चार माग बंद ठेवायचे का? 6 टन बाहेर द्यायचा का? आणि इसार दिल्याशिवाय गडदची ऑर्डर यंत्रावर चढवायची नाही, हा नियम करायचा का?

पहिल्या दोन्हींना मालकांनी होकार दिला. मागांच्या बाबतीत दहा मिनिटं गेली, कारण बंद माग बघणं त्यांच्या वडिलांच्या काळापासून या घरात अशुभ मानलं जातं, असं ते हसत म्हणाले. पण कोऱ्या मालाच्या थप्प्यांचा आकडा बघितल्यावर सही केली. इसाराच्या नियमावर मात्र विक्रीप्रमुख अडले. दोन जुने व्यापारी, पिढीजात व्यवहार, त्यांच्याकडे इसार मागणं शोभणार नाही. गंमत अशी की 90 दिवसांवर गेलेल्या उधारीत हेच दोघे सगळ्यात वर होते. शेवटी ठरलं ते असं: या दोघांना इसार माफ, पण जुनी बाकी आल्याशिवाय नवी ऑर्डर यंत्रावर चढणार नाही. बाकीच्यांकडून इसार. मालकांनी दोघांना स्वतः फोन केला. बाकीचे 11 लाख आले, इसाराचे 6 लाख. 16 लाखांची तूट भरून निघाली.

एक छोटा नियम अण्णांच्या आग्रहावरून घातला. गडदच्या ऑर्डरी नऊ शेडमध्ये विखुरल्या होत्या, त्यातल्या काही शंभर-सव्वाशे किलोच्या. लॉट अर्धा भरला तरी यंत्र दहाच तास घेतं, त्यामुळे टनाला 40 तास हा आकडा भरलेल्या लॉटपुरताच खरा. 250 किलोखाली गडद लॉट घ्यायचा नाही असं ठरलं आणि शेड नवावरून सहावर आल्या.

काय घडलं

सप्टेंबरअखेर माल गेला 79.5 टन: पांढरा 39, फिका 19, गडद 21.5. म्हणजे 84 झाले नाहीत. टनांवरच बघितलं तर मागच्या महिन्यांसारखाच महिना. पण गडद माल आधीच्या दीडपट होता, आणि हॉटेलांचा जवळजवळ सगळा माल तारखेला गेला.

साडेचार टन कुठे गेले याचाही हिशेब लागला, आणि आधी असं कधी होत नसे. एका यंत्राचा पंप तीन दिवस बंद पडला. आमच्या हातातले 40 तास तिथेच संपले आणि वर आणखी काही तास गेले. त्यात पांढऱ्यातला एक टन आणि गडदमधला अर्धा टन राहिला. फिक्याची एक टनाची ऑर्डर गिऱ्हाइकानेच रद्द केली. बाहेर दिलेल्या 6 टनांपैकी 4 टन नीट आला, दीड टन मरून शेड न जुळल्याने पुन्हा रंगवायला गेला आणि अर्धा टन वेळेत झालाच नाही.

मागणीच्या अंदाजाची परीक्षाही झाली. वगळलेल्या 6 टनांपैकी प्रत्यक्षात एकाच टनाची ऑर्डर आली. 30 टन रंगवले असते, तर दिवाळीनंतर पाच-सहा टन मरून आणि नेव्ही ब्लू गोदामात पडून राहिला असता.

मागांवरून 74 टन उतरला, त्यामुळे 15 टनांचा कोरा साठा साडेनऊवर आला. त्यातले दोन टन बाहेरच्या डाईंगकडे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सीसी खातं दोन दिवस अगदी कडेला टेकलं, पण ओलांडलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

शेडचा घोळ टाळता आला असता. बाहेर माल पाठवण्याआधी प्रत्येक शेडचा छोटा नमुना रंगवून, आमच्या सुकलेल्या टॉवेलशेजारी उजेडात धरून मंजूर करायला हवा होता. त्याला चार-पाच दिवस लागतात, आणि बाहेर द्यायचा निर्णय 20 तारखेला झाल्यावर ते दिवस कुणाला परवडत नव्हते. म्हणजे बाहेरच्या डाईंगची चाचणी जुलैतच, गरज नसताना, करून ठेवायला हवी. निर्णय नंतर घ्या, पण वाट आधी तयार हवी. शिवाय बाहेरचं डाईंग लघु उद्योग असेल तर त्याचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत टळून वर्षअखेरपर्यंत राहिले तर तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही. ही तारीख हिशेबखात्याने पहिल्याच पानावर लिहायला हवी होती. ती आठवली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

मोठी गोष्ट मात्र काळाची. आम्ही एका महिन्याचं बघत होतो. दिवाळी कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेली असते. जून-जुलैत डाईंगला महिन्याला शंभरेक तास मोकळे मिळतात. त्या दोन महिन्यांत दरवर्षी हमखास जाणाऱ्या शेडचे चार-पाच टन गडद करून ठेवले असते, तर बाहेर द्यायची वेळच आली नसती. याच्या विरुद्ध हिशेबप्रमुखांचं म्हणणंही खरं होतं: तो माल तीन महिने पडून राहिला असता आणि त्यात दहा-बारा लाखांचं सूत अडकलं असतं. माझा कल आधी बनवण्याकडे आहे, पण फक्त लेखी ऑर्डर देणाऱ्यांच्या शेडपुरता.

ऑक्टोबरपासून आराखडा एका महिन्याऐवजी चार महिन्यांचा होऊ लागला. पहिला महिना बांधलेला, पुढचे तीन मोकळे. त्यात जानेवारीचं पान उघडलं, तेव्हा सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मागावर किती माणसं असतात हे पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं; आधी ती गैरहजेरी दरवर्षी अचानक यायची.

चौथ्या यंत्रानंतर पाचवं घ्यायचं का, हा विषय त्याच बैठकीत निघाला. पाचव्या यंत्राने महिन्याला 510 तास वाढतात, म्हणजे सप्टेंबरची तूट पूर्ण भरून निघते. मालकांनी कोटेशन मागवायला सांगितलं. अण्णांनी आधी ईटीपीच्या संमतिपत्राची प्रत मागितली, आणि कोटेशनचं पत्र ती बघून झाल्यावरच पाठवायचं ठरलं.